दहा हजार बॅगांचा मोह

आज विषय आहे होलसेलमधल्या सवलतीचा. 'जास्त घ्या, स्वस्त घ्या' हे आपण सगळेच ऐकतो, पण नेमकं किती जास्त?

मामांची मानवतला छोटी डाळ मिल आहे. तूरडाळ भरायला 30 किलोच्या छापील प्लास्टिक बॅगा लागतात, वर्षाला साधारण 12,000. मागच्या दिवाळीत मी घरी गेलो, तर मामा परभणीच्या पुरवठादाराला 10,000 बॅगांचा ॲडव्हान्स पाठवायच्या तयारीत होते. त्याचे दर असे: 3,000 पेक्षा कमी घेतल्या तर बॅग 20 रुपये, 3,000 पासून साडेएकोणीस आणि 10,000 पासून 19 रुपये.

"अरे, 50 पैसे कुठं सोडतोस? बारा हजारांवर सहा हजार झाले की!" मामांचं म्हणणं चूक नव्हतं, अर्धं होतं.

कारण बॅगेच्या किमतीशिवाय आणखी दोन खर्च असतात. एक, दर ऑर्डरचा. बॅगा तीन हजार असोत की दहा हजार, छोटा टेम्पो एकच येतो. भाडं, हमाली धरून 600 रुपये. दुसरा, माल पडून राहण्याचा. मामांचा पैसा बँकेच्या सीसी खात्यातला, त्यावर व्याज. वर गोदामाची जागा आणि उंदीर. मी वर्षाला मालाच्या किमतीच्या 18 टक्के धरले.

हे दोन खर्च एकमेकांच्या उलट पळतात. मोठी ऑर्डर दिली की टेम्पो कमी वेळा येतो, पण माल जास्त पडून राहतो. दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी कुठे होते, याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 साली मांडलं:

```
Q = sqrt(2 * D * S / h)
```

D म्हणजे वर्षाची गरज, S म्हणजे एका ऑर्डरचा खर्च, h म्हणजे एक बॅग वर्षभर ठेवायचा खर्च. 20 रुपयांच्या बॅगेला h होतो 3.60 आणि उत्तर येतं बरोबर 2,000.

पण सवलत आली की इथे थांबता येत नाही, प्रत्येक दराला सूत्र नव्याने लावायचं. साडेएकोणीसला उत्तर येतं सुमारे 2,025. पण तो दर 3,000 शिवाय मिळतच नाही, म्हणून त्या दराला सगळ्यात कमी चालणारा आकडा घ्यायचा, 3,000. तसंच 19 रुपयांना 10,000. आता उरलेल्या तिघांचा पूर्ण वर्षाचा खर्च काढायचा. त्यात बॅगांची किंमतही धरायची, हे बरेच जण विसरतात.

2,000 घेतल्या तर 2,47,200 रुपये. 3,000 घेतल्या तर बॅगांचे 2,34,000, चार टेम्पोंचे 2,400, आणि गोदामात सरासरी दीड हजार बॅगा पडून राहतात त्याचे 5,265. एकूण 2,41,665. आणि 10,000 घेतल्या तर 2,45,820, कारण त्यात साठवणुकीचेच 17,100 आहेत. म्हणजे मामांचे सहा हजार वाचत होते ते खरं, पण साठवणूक जवळजवळ बारा हजारांनी वाढत होती. सगळं धरून तोटा 4,155 रुपयांचा.

मामा म्हणाले, "आणि पैसा घरचा असला तर?" प्रश्न अगदी वर्मावर होता. 10 टक्के धरले की निकाल उलटतो, 10,000 स्वस्त पडतात. पलटी साधारण पावणेबारा टक्क्यांवर आहे. म्हणून हे गणित करताना सूत्रापेक्षा तो टक्का प्रामाणिकपणे धरणं अवघड. सीसीचं व्याज किती, हे बँकेकडूनच तपासा, अंदाजाने नको.

अजून एक गोची. सूत्र समजतं की दर महिन्याला हजार बॅगा लागतात. पण आपल्याकडे नवी तूर डिसेंबर-जानेवारीला येते आणि मिलचं काम त्यानंतरच जोरात असतं. त्या आधी घेतलेला माल लवकर संपतो, पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला पडून राहतो. त्यात बॅगेवरचा मजकूर बदलावा लागला, तर उरलेल्या बॅगा रद्दी. आणि पुरवठादाराला आधी विचारा: सवलत सगळ्या बॅगांना, की मर्यादेच्या वरच्यांनाच? वरच्यांनाच असेल तर ही पद्धत अशीच्या अशी लागू होत नाही.

मग मी उलटं गणित केलं. 10,000 घेणं परवडायला दर काय हवा? 18 रुपये 65 पैसे. मामांनी लगेच फोन लावला. पुरवठादार हसला, "साहेब, त्यात मला काय उरणार?"

मग मामांनीच दुसरं विचारलं. छपाई दहा हजारांची एकदाच करा, दर 19 च लावा, पण माल आणि पैसे तीन हप्त्यांत. मी कागदावर पाहिलं, वर्षाचा खर्च 2,35,860 वर येत होता. "विचार करून सांगतो," म्हणाला. तोवर मामांनी 3,000 ची ऑर्डर टाकली.