इमोजी चोवीस, शब्द नऊ

मी इंदूरला राहतो आणि गेली काही वर्षं आमच्या मराठी मंडळाच्या पानावरचा मजकूर लिहितो. गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट, हळदीकुंकू, जे काही असेल त्याचं चित्र कुणीतरी पाठवतं आणि खालच्या चार ओळी माझ्याकडे येतात. आज त्या चार ओळींबद्दलच बोलणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

आमच्या दिवाळी पहाटची जागा एका वर्षी बदलली. नेहमीचं सभागृह मिळालं नाही, म्हणून कार्यक्रम एका शाळेच्या पटांगणात ठरला. मी मजकूर टाकला, भरपूर बदाम आले, मी निर्धास्त झालो. पाडव्याच्या पहाटे सव्वापाचला माझा फोन वाजला. आमच्या शेजारचे काका जुन्या सभागृहाच्या बंद दारापाशी उभे होते. रिक्षा निघून गेली होती आणि रखवालदार म्हणत होता की इथे आज काहीच नाही.

काकांची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. फोन ते स्वतः वापरतात. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती पडद्यावरचं सगळं बोलून दाखवते. मी त्यांना आणायला गेलो आणि जरा चिडूनच म्हणालो, "काका, मी लिहिलं होतं की!" ते शांतपणे म्हणाले, "अरे, मी ऐकलं ना. नुसत्या शुभेच्छा होत्या. दिवे, दिवे, दिवे. मग मी पुढे गेलो."

संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून मी माझाच मजकूर त्यांच्या फोनवर ऐकला. तो असा होता:

```
🪔🪔🪔✨✨✨ शुभ दीपावली ✨✨✨🪔🪔🪔
🎶 पाडव्याची 🌅 खास आपल्यासाठी 🎶
👉 🕠 👉 📍 या वेळी शाळेच्या पटांगणात 🏮🏮
#diwalipahat #marathimandalindore #happydiwali #diwalivibes #festivaloflights
🙏🏽🙏🏽🙏🏽
```

डोळ्यांना हे छान दिसतं. आता कानांनी ऐका. प्रत्येक इमोजीला एक ठरलेलं नाव असतं आणि फोन ते नाव उच्चारतो. काकांचा फोन इंग्रजीत आहे, म्हणून नावंही इंग्रजीत आली. दिया लॅम्प, दिया लॅम्प, दिया लॅम्प, स्पार्कल्स, स्पार्कल्स, स्पार्कल्स, शुभ दीपावली, आणि मग पुन्हा तेवढंच. पुढे ते बोट: बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट. आकाशकंदील म्हणून मी टाकलेला तो लाल दिवा: रेड पेपर लँटर्न. शेवटी नमस्कार, आणि मी हौसेने हातांना गव्हाळ रंग निवडला होता, म्हणून तीनदा ऐकू आलं: फोल्डेड हँड्स, मीडियम स्किन टोन.

मी मोजलं. हॅशटॅग सोडले तर मजकुरात मराठी शब्द नऊ आणि इमोजी चोवीस. "शाळेच्या पटांगणात" हे शब्द येण्याआधी काकांना एकोणीस नावं ऐकावी लागत होती. काही फोन एकसारख्या सलग इमोजी मोजून एकदाच सांगतात, पण सगळे तसं करत नाहीत, आणि लिहिणाऱ्याला समोरचा फोन कोणता ते ठाऊक नसतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. डोळा उडी मारतो. पणत्यांची रांग दिसली की आपण ती न वाचता खालच्या ओळीवर जातो. कानाला ती उडी मारता येत नाही. फोनच्या लेखी तो सगळा मजकूर बहुतेक वेळा एकच तुकडा असतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा तुकडा येतो, म्हणजे पूर्ण मजकूरच मागे पडतो. ओळीओळीने ऐकायची सोय आहे, पण त्यासाठी वाचायची रीत मुद्दाम बदलावी लागते. दिवाळीत शंभर संदेश येत असताना प्रत्येक शुभेच्छेसाठी ते कोण करेल?

दुसरी चूक त्याहून मोठी होती. मी चित्रांना शब्दांचं काम दिलं होतं. "पाडव्याची 🌅" असं लिहिताना माझ्या मनात "पहाट" होतं. काकांनी ऐकलं, "पाडव्याची सनराइज." साडेपाच ही वेळ मी घड्याळाच्या चित्रात दाखवली होती. तिचं नाव फाइव्ह-थर्टी आहे, पण दोन बोटांच्या मध्ये आलेलं ते वेळ आहे हे कळायचं कसं? आणि "दिवाळी पहाट" हे शब्द माझ्या मजकुरात कुठेच नव्हते. होते ते फक्त हॅशटॅगमध्ये, तेही रोमन लिपीत, सलग.

तेव्हापासून मी एक कसोटी लावतो. सगळ्या इमोजी पुसून टाकायच्या आणि उरलेलं वाचायचं. काय, कुठे, कधी हे तिन्ही कळलं तर मजकूर उभा आहे. एखादं वाक्य लंगडलं, तर तिथे इमोजी शब्दाच्या जागी बसली आहे. तिथे शब्द लिहायचा. मग हवी तर एखादी इमोजी परत आणायची, पण वाक्य संपल्यावर, मध्ये नाही.

आता हॅशटॅग. इथे मराठीत एक खरी अडचण आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना येत नाही.

रोमन लिपीत `#diwalipahat` असं सलग लिहिलं की वाचणारा आवाज शब्द कुठे तोडायचा ते ओळखू शकत नाही आणि भलताच उच्चार करतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं, `#DiwaliPahat`. आवाजाला शब्द वेगळे कळायला मदत होते आणि डोळ्यांनाही बरं वाटतं. यात तोटा काहीच नाही, कारण शोधताना लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जात नाही. दोन्ही एकच हॅशटॅग.

देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. मग शब्द कसे वेगळे करायचे? मोकळी जागा सोडली तर हॅशटॅग तिथेच संपतो. जोडरेघेनेही तेच होतं. उरते ती खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर: `#दिवाळी_पहाट`. मराठीत तिची गरज जास्तच आहे. आपण शब्दाच्या शेवटचा "अ" उच्चारत नाही. "फराळ" म्हणताना ळ अर्धाच राहतो. पण `#फराळवाटप` असं जोडलं की "फराळ" तिथे संपतो हे यंत्राला सांगणारं काहीच उरत नाही. ते ळ पूर्ण उच्चारू शकतं, आणि शब्द ऐकताना अनोळखी होतो. मध्ये रेघ आली की दोन शब्द आपापल्या जागी संपतात. काही फोन "अंडरस्कोर" असं बोलूनही दाखवतात. ते थोडं खटकतं, पण शब्द कळतात.

मात्र या रेघेची किंमत आहे, ती लपवत नाही. `#दिवाळीपहाट` आणि `#दिवाळी_पहाट` हे दोन वेगळे हॅशटॅग आहेत. एकावर टिचकी मारली तर दुसऱ्याचे कार्यक्रम दिसणार नाहीत. म्हणून आम्ही असं ठरवलं: जो हॅशटॅग आमच्या मंडळाचाच आहे, तो आम्हीच घडवायचा, म्हणून तो रेघेसह आणि दरवर्षी अगदी तसाच. जो आधीपासून लोकांत सलग रूढ आहे आणि ज्यातून अनोळखी लोक येऊ शकतात, तो सलगच, पण एकच आणि सर्वांत शेवटी. बाकीचे काढून टाकले. `#festivaloflights` पाहून इंदूरच्या पहाटेला कोण येणार होतं?

शेवटी ठेवण्याचं कारणही कानाचंच आहे. महत्त्वाचं सगळं ऐकून झाल्यावर हॅशटॅग सुरू झाले की ऐकणारा निश्चिंतपणे पुढे जातो. वाक्याच्या मध्ये ते आले, "यंदाच्या #दिवाळी_पहाट ला या" असे, तर मध्येच "हॅश" ऐकू येतं आणि "ला" हा प्रत्यय शब्दापासून तुटतो.

पुढच्या वर्षी पुन्हा जागा बदलली तर कसं लिहायचं, म्हणून मी तोच मजकूर नव्याने लिहून समितीपुढे ठेवला:

```
दिवाळी पहाट यंदा शाळेच्या पटांगणात आहे, जुन्या सभागृहात नाही.
पाडव्याला पहाटे साडेपाच वाजता. दार पाच वाजता उघडेल.
दोन तास नाट्यगीतं आणि अभंग, मग सगळ्यांनी मिळून फराळ.
शुभ दीपावली 🪔
#दिवाळी_पहाट #MarathiMandalIndore
```

बदललेली गोष्ट पहिल्या वाक्यात आहे. त्याचा फायदा डोळस माणसालाही होतो, कारण बऱ्याच ठिकाणी लांब मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचा "आणखी वाचा" मागे जातो. माझ्या जुन्या मजकुरात त्या जागी पणत्या होत्या.

समितीतल्या एक ताई म्हणाल्या, "हे नोटिशीसारखं वाटतंय. सण कुठे गेला?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मग आम्ही असं वाटून घेतलं. सजावट चित्रात. तिथे पन्नास पणत्या काढा, रांगोळी काढा, कंदील लावा. चित्रात काढलेल्या पणत्या फोन एकेक करून मोजत बसत नाही. मात्र चित्रासोबत त्याचं वर्णन लिहायची जागा असते, तिथे एक-दोन वाक्यं लिहायची: पणत्यांच्या रांगेत तानपुरा, वर कार्यक्रमाचं नाव, जागा आणि वेळ. जे चित्रावर लिहिलं आहे, ते मजकुरातही असलंच पाहिजे. आणि सणाची ऊब शब्दांतून आणता येते. "सगळ्यांनी मिळून फराळ" या शब्दांत ती आहे, असं ताईंनाही नंतर पटलं.

आता तपासायचं कसं? टाकण्याआधी स्वतः ऐका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात टॉकबॅक आहे, आयफोनमध्ये त्याच भागात व्हॉइसओव्हर आहे. एक सावधगिरी: ते सुरू केल्यावर बोटांच्या खुणा बदलतात, एकदा टेकवलं की फक्त नाव ऐकू येतं आणि उघडायला दोनदा टेकवावं लागतं. म्हणून बंद कसं करायचं ते आधी पाहून ठेवा. तेही नको असेल तर मजकूर कुणाला तरी फोनवर वाचून दाखवा, प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने घेत. तिसऱ्या "दिया लॅम्प"ला तुम्हालाच हसू येईल आणि हात आपोआप पुसायच्या बटणाकडे जाईल.

त्यानंतरच्या वर्षी काका पाचच्या आधीच दारात हजर होते. मी विचारलं, "मजकूर ऐकला ना?" म्हणाले, "ऐकला. एकच दिवा होता या वेळी. पण पत्ता लागला."