दोनशे बाइटची नोंद आणि दहा केबीचा ठोकळा

रावेर-यावलच्या केळीच्या बागांत आणि धुळ्याकडच्या कपाशीच्या वावरात आता पंपाच्या पेटीतही सिमकार्ड असतं. म्हणून डेटाच्या आकारणीचा हिशेब तिथूनच मांडू.

समजा, ठिबकच्या वावरात मातीची ओल मोजणारं एक यंत्र आहे. दर दहा मिनिटांनी ते एक नोंद सर्व्हरकडे पाठवतं. नोंद असते जेमतेम दोनशे बाइटची. पण ती पाठवण्याआधी यंत्र आणि सर्व्हर एकमेकांना ओळख देतात, प्रत्येक पाकिटावर पत्ता चढतो आणि पोच परत येते. येणं-जाणं दोन्ही मोजलं जातं, म्हणून खर्च एक केबीच्या आसपास जातो.

हे मोजमाप आपल्या फोनमध्ये होत नाही. कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याच्या दारावर, म्हणजे गेटवेवर, बाइट मोजले जातात. जोडणी उघडली की सेशन सुरू होतं; ती बंद झाली की वापराची नोंद बिलिंगकडे जाते आणि तिथे ती ठरलेल्या ठोकळ्यात वर गोल केली जाते. टूजीच्या काळात पॅक नसलेल्या सिमवर 10 केबीला 10 पैसे हा दर सर्रास होता. एक केबी वापरला तरी पूर्ण ठोकळा लागे.

आता आपल्या यंत्राचा हिशेब करा. ते दर वेळी जोडणी तोडत असेल, तर दिवसाला 144 सेशन होतात. खरा वापर 144 केबी, आकारणी मात्र 1440 केबीची. या दराने रोज 14 रुपये 40 पैसे.

असं का? जोडणी उघडताना टॉवरशी बोलणं, आयपी पत्ता देणं, शिल्लक तपासणं, नोंद लिहिणं हे काम एक केबीलाही तेवढंच आणि एक एमबीलाही. या खर्चाचा भार ठोकळ्यातून वसूल होतो. हे कारण मला मान्य आहे. पण ठोकळा किती मोठा, हे दरपत्रकात ठळक छापलेलं हवं, आणि ते फार वेळा बारीक अक्षरांत दडलेलं असतं.

उपाय साधा आहे. ओल दहा मिनिटांत फारशी बदलत नाही. मोजणी दर दहा मिनिटांनीच करा, पण सहा नोंदी साठवून तासाला एकदाच पाठवा. दिवसाला 24 सेशन, प्रत्येकाचा वापर दोनेक केबी, आकार 2 रुपये 40 पैसे. मोटार जळण्याचा इशारा मात्र तत्काळच गेला पाहिजे. रेंज कच्ची असेल तर जोडणी मध्येच तुटते आणि नवा ठोकळा सुरू होतो. तेव्हा अँटेना पेटीच्या पत्र्याबाहेर काढा.

रोज दीड जीबीच्या पॅकवर हा फरक जाणवत नाही. यंत्रांसाठीच्या छोट्या पॅकवर जाणवतो. वापराच्या तपशिलात प्रत्येक आकडा दहाच्याच पटीत दिसला, तर गोलाई सुरू आहे असं समजा. सिम घेण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: ठोकळा किती केबीचा, आणि गोलाई दर सेशनला की दिवसाच्या शेवटी?