मुलाखत फाटकापाशी सुरू होते



मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ते प्रश्न सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या वेळेबद्दल. पंचवीस वर्षं मी कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काढली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून एक गोष्ट पक्की कळली. शिष्टाचार म्हणजे नटूनथटून साहेबी दिसणं नव्हे. समोरच्या माणसाचा वेळ आणि लक्ष आपल्यामुळे वाया जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. बाकीचे सगळे नियम त्यातून आपोआप निघतात.

आपल्या श्रीगोंदा तालुक्यातल्याच एका मुलीचं उदाहरण घेतो. रांजणगाव एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागातल्या जागेसाठी ती आली होती. मुलाखत अकराची. दिवस संकष्टी चतुर्थीचा आणि तिचा उपवास.

आधी वेळेचं बघू. वेळेचा हिशेब उलटा करायचा असतो. अकराची मुलाखत म्हणजे पावणेअकराला स्वागतकक्षात बसलेलं असणं. त्यासाठी साडेदहाला फाटकावर पोचायला हवं, कारण तिथे नोंदवहीत नाव लिहायचं, ओळखपत्र दाखवायचं, पास घ्यायचा. काही ठिकाणी मोबाईल जमा करतात, नाहीतर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आधी रांग असेल तर एवढ्यालाच पंधरा मिनिटं जातात. श्रीगोंद्याहून शिरूरला एसटीने दीड तास धरा, शिरूरहून एमआयडीसीत अर्धा तास, आणि उतरल्यावर कारखाना शोधायला वीस मिनिटं. म्हणजे आठ वाजून दहा मिनिटं झाली. त्यात तासाभराची सवड धरा. उसाचा हंगाम असेल तर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे गाडी कशी रांगते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून घर सातला सोडायचं.

तिने सातलाच सोडलं होतं. पण रांजणगावला महागणपती आहे आणि संकष्टीला नगर रस्त्यावर दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी असते, हे तिच्या हिशेबात नव्हतं. दहा वाजले तरी ती शिरूरच्या स्टँडवरच होती. तिथून तिने पत्रावरच्या क्रमांकावर फोन केला. नाव सांगितलं, मुलाखतीची वेळ सांगितली, आणि म्हणाली, “मी आत्ता शिरूरला आहे. अकरा दहापर्यंत फाटकावर पोचेन. चालेल का?” आम्ही तिच्या पुढच्या उमेदवाराला आधी बोलावलं. कुणाचंच काही बिघडलं नाही. हाच फोन सव्वाअकराला आला असता, तर तीन माणसं रिकामी बसून राहिली असती. उशीर होणार हे ज्या क्षणी कळतं, तीच फोनची वेळ. कारणांची गोष्ट सांगत बसू नये. आपण कुठे आहोत आणि कधी पोचू, एवढं पुरतं.

उलटही होतं. काही मुलं साडेनऊलाच येऊन बसतात. मग स्वागतकक्षातल्या बाई आत कळवतात आणि आतल्या माणसाला उगाच घाई होते. लवकर पोचलात तर बाहेर चहाच्या टपरीवर थांबा, घोटभर पाणी प्या, बुटांवरची धूळ पुसा.

आता कपडे. भाड्याचा किंवा मागून आणलेला कोट घालू नका. खांद्यात उतरलेला कोट माणसाला सारखा सावरावा लागतो, आणि मग लक्ष उत्तरात राहत नाही. फिकट रंगाचा, इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, मोजे आणि पॉलिश केलेले बूट पुरेत. मुलींना साडी, सलवार-कुर्ता, शर्ट-पँट, सवयीचं असेल ते चालतं. एसटीच्या प्रवासात शर्ट चुरगळतो, म्हणून तो घडी करून पिशवीत ठेवा आणि शिरूरला उतरून बदला.

कारखान्यात मात्र एक जास्तीची गोष्ट असते. मुलाखतीनंतर बऱ्याचदा यंत्रांच्या विभागात फेरी मारायला नेतात. तिथे उघडी चप्पल, उंच टाच, लोंबती ओढणी, हातातलं कडं हे सगळं धोक्याचं. त्या मुलीने ओढणीला पिन लावली होती आणि पायात बंद, सपाट बूट होते. तिला थेट आत नेता आलं. त्याच दिवशी सँडल घालून आलेला मुलगा दारातच थांबला आणि यंत्रं न बघताच परतला.

प्रतीक्षाकक्षात सगळ्यांत मोठी चूक असते फोनची. “आई, अजून बोलावलं नाही गं,” हे मोठ्याने बोललेलं काचेच्या दारातून आत ऐकू येतं. दुसरी चूक म्हणजे बाहेर आलेल्या उमेदवाराला घेरून “काय काय विचारलं?” म्हणणं. तो बिचारा अजून स्वतःच्याच उत्तरात अडकलेला असतो, आणि आपण त्याचे प्रश्न ऐकून आपली उत्तरं विसरतो. प्रमाणपत्रं ज्या क्रमाने मागितली असतील त्या क्रमाने लावून ठेवा, म्हणजे आत गेल्यावर पिशवी उपसावी लागत नाही. चहा आला तर घ्या, रिकामा कप ट्रेमध्ये ठेवा. मोबाईल चार्ज करायचा असेल तर विचारून करा. शिपाई किंवा स्वागतकक्षातल्या बाई बोलवायला आल्या की उभं राहून उत्तर द्या. “तो मुलगा बाहेर कसा होता?” हे मी त्या बाईंना नेहमी विचारत असे.

फेरी झाली की दीड वाजतो आणि साहेब म्हणतात, “चला, जेवून घेऊ.” इथे आपली मुलं सगळ्यांत जास्त गांगरतात. कँटीनमध्ये रांग असते. साहेब रांगेत उभे राहिले तर त्यांच्यामागे उभं राहायचं. आधी हात धुवायचे. ताटात थोडंच घ्यायचं, कारण टाकलेलं अन्न सगळ्यांना दिसतं. चमच्याची सवय नसेल तर हाताने जेवा, त्यात कमीपणा नाही. घास तोंडात असताना प्रश्न आला तर घास संपवून उत्तर द्या, समोरचा थांबतो. त्यांच्या वेगाने जेवा, म्हणजे कुणाला कुणासाठी ताटकळावं लागत नाही. पगाराचा विषय जेवताना काढू नये. गावाबद्दल विचारलं तर मोकळेपणी सांगा. आपल्याकडच्या लिंबांच्या बाजाराबद्दल तुम्हीच चांगलं सांगू शकता. हॉटेलात नेलं तर मध्यम किमतीचा, सांडणार नाही असा पदार्थ मागवा. बिल बोलावणाऱ्याचं असतं, त्यावर ओढाताण करू नका.

त्या मुलीचा उपवास होता. काही जण संकोचाने ताट वाढून घेतात आणि नुसतं चिवडत बसतात. काही जण “मला भूकच नाही” म्हणतात आणि बोलावणाऱ्याला अवघडून टाकतात. ती रांगेत लागण्याआधीच म्हणाली, “सर, आज माझी चतुर्थी आहे. मी ताक घेते, तुमच्याबरोबर बसते.” विषय तिथेच संपला. अर्धा तास ताकाच्या पेल्यावर ती छान बोलली. उठताना तिने स्वतःचा पेला आणि ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवला.

निघताना तिने आणखी एक गोष्ट केली, जी शंभरात पाच जणही करत नाहीत. फाटकावर मिळालेला पास पुढे करून म्हणाली, “सर, यावर सही लागेल ना?” ज्याला भेटायला आलो त्याची सही नसेल, तर कित्येक कारखान्यांत रखवालदार बाहेर सोडत नाही. मग तो आत फोन करतो, आतला माणूस काम सोडून खाली येतो. मुलाखत उत्तम झालेली असते, आणि शेवटची आठवण राहते ती या हेलपाट्याची.

तिच्या पासवर मी सही केली. पाच मिनिटांत ती फाटकाबाहेर पडली आणि आम्ही लगेच निवडीच्या चर्चेला बसलो. सकाळी अकरापासून तिच्यामुळे आमचं एकही मिनिट वाया गेलं नव्हतं, म्हणून चर्चेत तिच्याबद्दल बोलण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे तिचं काम. आपल्या मुलामुलींना मुलाखतीत एवढंच मिळायला हवं.