एलडीएल नॉर्मल आलं, मग टेन्शन कशाचं?

गेल्या महिन्यात उमापूरला घरी गेलो होतो. अण्णांचा लिपिड रिपोर्ट समोर होता. शुगर नाही, बीपी नाही. एलडीएल 94, म्हणजे शंभराच्या आत. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पास!" डॉक्टर मात्र म्हणाले, "थांबा, बाकीचे आकडे पण बघा."

आकडे असे होते: टोटल कोलेस्टेरॉल 184, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 290.

आता गंमत ऐका. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. 1972 चा फ्रीडवाल्डचा फॉर्म्युला आहे: टोटलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. 184 वजा 32 वजा 58, उत्तर 94. म्हणजे ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितकं जास्त वजा होतं आणि एलडीएल छान दिसतं! ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं तर हा फॉर्म्युला वापरायचाच नसतो.

पण जे 58 वजा केले, ते कोलेस्टेरॉल कुठं गेलं? कुठंच नाही. ते व्हीएलडीएलसारख्या दुसऱ्या कणांत आहे, आणि त्यातलेही बरेच कण रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकतात. म्हणून नॉन-एचडीएल बघायचं. टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा: 184 वजा 32, म्हणजे 152. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये कमी धोका असलेल्यांसाठीसुद्धा एलडीएल 100 च्या आत आणि नॉन-एचडीएल 130 च्या आत ठेवा असं सांगितलंय. अण्णा एकात पास, दुसऱ्यात नापास.

मग अपोबी काय? आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कारखान्याच्या काट्यावर ऊस टनात मोजतात. पण रस्ता जाम होतो तो गाड्यांच्या संख्येमुळे. तेवढाच ऊस अर्धवट भरलेल्या गाड्यांतून आणला, तर टन तेच, गाड्या दुप्पट. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असलं की एलडीएलचे कण असेच लहान आणि कमी भरलेले होतात. एलडीएलचा आकडा म्हणजे टन. अपोबी म्हणजे गाड्यांची मोजणी, कारण भिंतीत अडकणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबी प्रोटीनचा एकच रेणू असतो, नंबरप्लेटसारखा. एचडीएलवर तो नसतो.

अण्णांचं अपोबी आलं 118. मध्यम धोका असलेल्यांना ते 100 च्या आत ठेवायला सांगतात. गाड्या खरंच जास्त निघाल्या.

सगळ्यांनी लगेच अपोबी करायला पळायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड नॉर्मल असेल तर एलडीएल आणि अपोबी बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात. फरक पडतो तो वाढलेलं ट्रायग्लिसराइड, शुगर किंवा सुटलेलं पोट असेल तेव्हा. शुगर असलेल्यांची, आधी ॲटॅक येऊन गेलेल्यांची मर्यादा अजून खाली असते, ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

नॉन-एचडीएलला मात्र एक रुपयाही जादा लागत नाही. घरातला जुना रिपोर्ट काढा आणि ती एक वजाबाकी करा. भेटू पुढच्या भागात!