गजकर्णावरील मलम : किती लावावे, कुठवर लावावे, किती दिवस लावावे
(पोहरादेवी, ता. मानोरा, जि. वाशीम येथे रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



आज मी एकाच रोगाविषयी आणि त्यावरील एकाच औषधाविषयी बोलणार आहे. रोग गजकर्ण. कोणी त्यास नायटा म्हणतात, कोणी दाद. औषध म्हणजे त्यावरील बुरशीनाशक मलम. हे मलम आपणांपैकी अनेकांनी वापरले आहे, आणि त्यांतील पुष्कळांचा अनुभव असा की, मलम लावले की बरे वाटते आणि सोडले की रोग परत येतो. दोष नेहमी मलमाचा नसतो. पुष्कळदा ते जेथे लावावयास हवे तेथे लावलेले नसते, आणि जेव्हा थांबवावयास हवे त्याच्या फार आधी थांबवलेले असते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका शेतकरी भगिनीचे उदाहरण घेतो. परकराची नाडी जेथे घट्ट बसते तेथे, कमरेच्या उजव्या बाजूस, त्यांना सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीचा गोल चट्टा उठला. सोयाबीनच्या निंदणीचे दिवस, अंगावर घाम, ओले कपडे दिवसभर तसेच. त्यांना क्लोट्रिमॅझोल १ टक्का हे साधे मलम, १५ ग्रॅमची नळी, दिवसातून दोनदा लावण्यास मिळाले. औषध योग्य होते. नवव्या दिवशी खाज थांबली, बाईंनी मलम थांबवले आणि उरलेली नळी फडताळात ठेवली. तीन आठवड्यांनी त्याच जागी, पण आता सुमारे ८ सेंटिमीटर रुंदीचे कडे उठले. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा नळी सोबत होती, आणि ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. त्या नळीकडे पाहूनच निम्मे निदान झाले.

असे का घडले हे समजण्यासाठी गजकर्ण कसे वाढते ते पाहू. ही बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरात राहते आणि त्या थरातील केराटिन नावाच्या द्रव्यावर जगते. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळे बाहेर सरकत जातात, त्याप्रमाणे ती चोहोबाजूंनी बाहेर पसरते. शरीराचा प्रतिकार जेथे सुरू झालेला असतो तेथे लाल, उंचट, खवले सुटणारी कडा दिसते. मधला भाग निवळल्यासारखा वाटतो. म्हणून कड्याचा आकार येतो. परंतु कडा ही बुरशीची शेवटची सीमा नव्हे. तिच्या बाहेर, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या कातडीत, बुरशीचे तंतू आधीच शिरलेले असतात. तेथे अद्याप दाह झालेला नसतो, एवढेच. निवळलेल्या मधल्या भागातही बुरशी शिल्लक असू शकते.

म्हणून पहिला नियम असा : मलम संपूर्ण चट्ट्यावर, मध्यभागासह लावावे, आणि कडेच्या बाहेर चोहोबाजूंनी २ सेंटिमीटर निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावावे. मोजपट्टी जवळ नसली तरी चालते. मोठ्या माणसाच्या अंगठ्याची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. बाहेरच्या निरोगी कातडीपासून सुरुवात करून आत मध्याकडे यावे, म्हणजे बोटाबरोबर बुरशी बाहेर ओढली जात नाही. लावण्यापूर्वी जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, आणि लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

या भगिनींच्या कमरेवर आम्ही पेनाने दोन रेघा काढल्या : एक दिसणाऱ्या कडेवर, दुसरी तिच्याबाहेर अंगठाभर अंतरावर. आतले वर्तुळ ८ सेंटिमीटर रुंद होते, बाहेरचे १२. हिशेब केला तर आतल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर येते आणि बाहेरच्याचे ११३. म्हणजे केवळ दिसणाऱ्या चट्ट्यावर मलम लावणारा रुग्ण आवश्यक जागेपैकी निम्म्याहून अधिक जागा कोरडीच सोडतो. पहिल्या वेळी बाईंनी तर फक्त लाल कडेवरच बोट फिरवले होते.

आता प्रमाण. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून मलमाची एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होते. एवढे मलम बोटांसह दोन तळहातांइतक्या जागेस पुरते. आपल्या या चट्ट्यास तेवढ्याचाही निम्म्याहून थोडा कमी भाग पुरे झाला. मलम जाड थापू नये. पातळ थर हलक्या हाताने चोळून मुरवावा. जाड थराने रोग लवकर जात नाही, फक्त कपडे माखतात.

दुसरा प्रश्न, किती दिवस? येथे आपण खाजेवर विश्वास ठेवतो आणि फसतो. खाज ही दाहाची खूण आहे. बुरशीची वाढ मंदावली की थोड्याच दिवसांत ती शमते. पण क्लोट्रिमॅझोलसारखे औषध मुख्यतः बुरशीची वाढ रोखून धरते. तिचा शेवटचा अंश जावयाचा तर तो कातडीच्या जुन्या थराबरोबर गळून पडावा लागतो, आणि हा थर पूर्ण बदलण्यास काही आठवडे लागतात. तोवर वर औषधाचा पहारा असावा लागतो. पहारा मध्येच उठला की उरलेले तंतू पुन्हा पसरतात.

म्हणून दुसरा नियम असा : चट्टा पूर्ण बरा झाल्याच्या दिवसापासून पुढे किमान २ आठवडे मलम चालू ठेवावे. आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञ हे तीन दोनांत सांगतात : दोन सेंटिमीटर बाहेर, दिवसातून दोनदा, बरे झाल्यावर दोन आठवडे. ल्युलिकोनॅझोलसारखी काही मलमे दिवसातून एकदाच लावावयाची असतात. तेथे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे करावे, बाकीचे दोन नियम तेच.

'पूर्ण बरा' म्हणजे काय, हे नीट लक्षात ठेवावे. खाज नाही, बोट फिरवले असता कडा उंच लागत नाही, आणि नखाने हलके खरवडले असता कोंडा निघत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्या तो दिवस पहिला. काळा डाग मात्र कित्येक महिने राहू शकतो. तो भाजल्यावर राहणाऱ्या डागासारखा असतो, रोग नव्हे. तो जाईपर्यंत मलम लावत बसण्याची गरज नाही, आणि तो घालवण्यासाठी दुसरे मलम तर मुळीच लावू नये.

आपल्या भगिनींचे पुढे काय झाले? दुसऱ्या वेळीही खाज नवव्या-दहाव्या दिवशी गेली. कडा सपाट होऊन कोंडा थांबला तो चोविसाव्या दिवशी. तेथून १४ दिवस मोजले, म्हणजे अडतिसाव्या दिवशी मलम थांबले. तोवर नव्याने दिलेली १५ ग्रॅमची नळी जवळजवळ रिकामी झाली होती. हा पडताळा प्रत्येकाला घरी घेता येईल. एवढ्याच आकाराचा चट्टा असताना उपचार संपल्यावर नळी अर्धी उरली असेल, तर मलम कमी जागेवर लागले किंवा कमी दिवस लागले, असे समजावे. त्यांच्या यजमानांनाही जांघेत चट्टा होता, तो त्यांनी लाजेने सांगितला नव्हता. दोघांचे उपचार एकाच दिवशी सुरू केले. टॉवेल वेगळे केले, आणि कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवण्यास सांगितले. घरात एकाचा रोग राहिला तर दुसऱ्याचे अडतीस दिवस वाया जातात.

काही मलमांच्या वेष्टनावर एक-दोन आठवड्यांचीच मुदत छापलेली असते, मग आम्ही एवढे का सांगतो, असे आपण विचाराल. गेल्या दशकभरात भारतात गजकर्णाचे स्वरूप पालटले आहे. येथे पसरलेल्या एका बुरशीस २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. ती चिवट आहे, आणि तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास दाद देत नाहीत. म्हणून मुदत वेष्टनावरून न ठरवता कातडीवरून ठरवावी लागते.

मलमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डोक्यावरील केसांत किंवा नखांत गजकर्ण झाले असेल, शरीरावर अनेक ठिकाणी चट्टे असतील, किंवा रोग वारंवार उलटत असेल, तर केवळ मलमाने भागत नाही. पोटातून औषध घ्यावे लागते. नीट लावूनही ४ आठवड्यांत उतार पडला नाही तर परत यावे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहता येतात. कधीकधी तो चट्टा गजकर्णच नसतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया व मधुमेही रुग्ण यांनी सुरुवातीपासूनच डॉक्टरांना विचारून औषध घ्यावे.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने दोन दिवसांत खाज व लाली जाते, म्हणून ते गुणकारी वाटते. पण कातडीचा प्रतिकार दबतो आणि बुरशी निर्धास्त पसरते. चट्ट्याची कडा पुसट होते, कड्यात कडे उठते, जांघेतील कातडी पातळ होऊन पांढुरके-तांबडे पट्टे पडतात, व ते पट्टे कायम राहतात. असे मलम आधीच लावले असेल तर ते लपवू नये. नळी सोबत घेऊन यावे.

शेवटी आपल्या भागापुरते. रामनवमीच्या यात्रेस चैत्राच्या उन्हात लाखो भाविक येथे येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, अंथरूण-पांघरूण आणि टॉवेल सर्वांचे एक होतात. त्या दिवसांत उपचार चालू असतील तर खंड पाडू नये. नळी व स्वतःचा टॉवेल पिशवीत ठेवावा. कमरेस करदोडा असेल तर त्याच्याखालची कातडी रोज पाहावी, आणि चट्टा असेतो करदोडा काढून ठेवावा. कामासाठी जे दूर स्थलांतर करतात, त्यांनी निघण्यापूर्वीच संपूर्ण मुदतीचे मलम सोबत घ्यावे. अडतीस दिवसांपैकी निम्मे दिवस पालावर जाणार असतील, तर नळीही तेथे पोहोचली पाहिजे.

ज्यांच्या घरी अर्धवट वापरलेली नळी असेल, त्यांनी पुढच्या भेटीस येताना ती अवश्य आणावी.