‘नाही’ एकदाच, नोंद मात्र रोजची
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली हिंगणघाटची घटना तुमच्यापैकी कुणीच विसरलेली नसेल. 3 फेब्रुवारी 2020 ची सकाळ. एक तरुण प्राध्यापिका कॉलेजला निघाली होती. भर रस्त्यात तिच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आलं. 10 फेब्रुवारीला नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. दोन वर्षांनी, 2022 च्या फेब्रुवारीत, कोर्टानं आरोपीला जन्मठेप दिली. हा माणूस तिला अनोळखी नव्हता. तो तिच्याच गावचा होता आणि ती कोणत्या वेळी, कोणत्या वाटेनं जाते हे त्याला ठाऊक होतं.

मी ही आठवण घाबरवायला काढलेली नाही. त्या मुलीचं काही चुकलं असं तर मुळीच म्हणायचं नाही. पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींचा त्रास असाच ओळखीतला असतो. भावाचा मित्र, आत्याच्या गावचा, क्लासमधला. अनोळखी माणसाला चप्पल दाखवता येते. ओळखीच्याला काय दाखवायचं? म्हणून आज मी एकाच मुलीची हकीकत सविस्तर सांगणार आहे. तिचं नाव आपण मीना ठेवू. खूण पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीना बावीस वर्षांची. यवतमाळपासून एसटीनं तासाभरावरचं गाव. शहरात एका दुकानात हिशेबाचं काम. तो भावाचा मित्र. घरी येणं-जाणं, पावसात एकदा गाडीवर सोडून दिलेलं, नोकरीचा फॉर्म भरून दिलेला. त्यानं लग्नाचं विचारलं, तिनं नाही म्हटलं. तरी सहा महिने तो मागे होता. माझ्याकडे आली तेव्हा तिचं पहिलंच वाक्य होतं, “मॅडम, मी त्याले चार वेळा नाही म्हणलं. आता कसं सांगू?”

आम्ही ते चारही नकार कागदावर लिहून काढले. पहिला स्पष्ट होता, “माझ्या मनात तसं काही नाही.” दुसऱ्या वेळी, तो दुखावला म्हणून, ती म्हणाली, “घरचे तयार होणार नाहीत.” तिसऱ्या वेळी, “आधी मला नोकरीत पक्कं होऊ दे.” चौथ्या वेळी आईच्या सल्ल्यानं तिनं त्याला राखी बांधायचा प्रयत्न केला. कागद समोर ठेवल्यावर तिलाच दिसलं. पहिला नकार होता. पुढच्या तिन्हींत त्याला काम नेमून दिलं गेलं होतं. घरच्यांना तयार कर, नोकरीपर्यंत थांब, आणि राखी बांधायला ती स्वतः समोर आली म्हणजे अजून बोलणं चालू आहे. यात दोष मीनाचा नाही. मुलीनं कुणाला तोंडावर दुखवू नये, हे आपणच तिला लहानपणापासून शिकवतो. पण जो ऐकायला तयार नाही, त्याला कारण सांगितलं की तो कारणाशी भांडतो. नुसत्या नकाराशी भांडता येत नाही.

मग तिच्याकडून एक शेवटचा मेसेज लिहून घेतला. शब्द तिचेच:

“मला तुझ्याशी लग्न किंवा कसलंही नातं नको आहे. मला फोन करू नकोस, मेसेज करू नकोस, वाटेत किंवा दुकानात भेटायला येऊ नकोस. यापुढे मी उत्तर देणार नाही.”

यात ‘सॉरी’ नाही, ‘प्लीज’ नाही, ‘तू चांगला आहेस पण’ नाही, कारण नाही. शिवीही नाही आणि धमकीही नाही, कारण अपमान झाला की त्याला बदल्याचं निमित्त मिळतं. तोंडी न सांगता लिहून पाठवला, कारण त्यावर तारीख आणि वेळ राहते. आता तिनं नाही म्हटलंच नव्हतं, असं कुणालाही म्हणता येणार नाही.

यानंतरचा भाग जास्त अवघड. उत्तर द्यायचं नाही म्हणजे अजिबात नाही. रागावण्यासाठीसुद्धा नाही. वीस फोन न उचलता एकविसावा उचलून “पुन्हा करशील तर बघ” म्हटलं, तर त्याला एवढंच कळतं की एकवीस फोन केले की ती बोलते. पुढच्या वेळी तो तीस करतो. “एकदा शेवटचं भेट, मग मी विषय सोडतो” असं तो म्हणेल. त्या भेटीला एकटीनं नाही, मैत्रिणीला घेऊनही नाही, कधीच जायचं नाही.

मीनानं त्याचा नंबर लगेच बंद केला नाही, आवाज बंद केला. नंबर पूर्ण अडवला तर धमकी आलेलीच कळत नाही आणि पुरावाही राहत नाही. पण ते वाचून तिची झोप उडायची. म्हणून फोन रोज रात्री तिची वहिनी बघायची आणि वहीत लिहायची: तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, कुणी पाहिलं. मेसेजचे फोटो काढून वहिनीच्या फोनवर ठेवले, मूळ मेसेज मात्र पुसले नाहीत. नंबर बदलायचा झाला तरी जुना फोन सांभाळून ठेवा.

उत्तर बंद झाल्यावर पहिले तीन आठवडे त्रास वाढला. हे बहुतेकदा होतं, ते आधीच सांगून ठेवावं, नाहीतर मुलगी घाबरून पुन्हा बोलायला लागते. वेगवेगळ्या नंबरांवरून फोन आले. मग एका रात्री मेसेज आला, “उद्यापर्यंत बोलली नाहीस तर फवारणीचं औषध घेईन.”

आपल्या जिल्ह्यात हे वाक्य पोकळ म्हणून सोडता येत नाही. औषधाचा डबा घरोघरी असतो. पण म्हणून मीनानं त्याला फोन करायचा का? नाही. त्याचा जीव सांभाळायचं काम तिच्यावर टाकणं हीसुद्धा जबरदस्तीच. तिच्या भावानं लगेच त्याच्या मोठ्या भावाला फोन केला: “तुमच्या भावानं असा मेसेज पाठवला आहे. त्याला एकटं सोडू नका, घरातलं औषध काढून घ्या.” एवढंच. मीनाचा निरोप नाही, समझोता नाही. घरचं कुणी सापडलं नसतं तर 112 ला फोन करून त्याचा पत्ता दिला असता. त्याचा जीव वाचावा हे आपल्यालाही हवं आहे. फक्त ती मदत मीनाच्या हातून जायला नको.

दुसरी बाजू रोजच्या वाटेची. हिंगणघाट आठवा, ठरलेली वेळ आणि ठरलेली वाट. मीना आठवड्यातून दोन-तीनदा गाडी बदलू लागली. स्टँडवर नियंत्रकाच्या खोलीजवळ थांबायची, गाडीत वाहकाच्या जवळ बसायची. गावच्या फाट्यावर उतरताना वडील किंवा वहिनी असायचीच. दुकानाच्या मालकांना आणि शेजारच्या चहावाल्या काकांना तिनं नावानिशी सांगून ठेवलं. सांगताना लाज वाटली, पण गुप्तता ठेवण्यात फायदा त्याचाच होता. तो समोर आलाच तर एकच वाक्य, मोठ्यानं, “मी नाही सांगितलंय, बाजूला हो,” आणि माणसं असतील तिकडे चालू लागायचं. मागे येत असेल तर घराकडे नाही, दुकानात शिरायचं.

भावांचा पहिला विचार त्याला बदडण्याचा होता. मी अडवलं. मार खाल्लेला माणूस पोलिसांत फिर्यादी होतो आणि राग मुलीवर काढतो. वडिलांचा विचार होता तिची नोकरी सोडवण्याचा. म्हणजे गुन्हा त्याचा आणि कैद हिला. अशी शिक्षा होणार असेल तर पुढच्या वेळी कुठलीही मुलगी घरी सांगणार नाही.

तो पुन्हा दोनदा स्टँडवर आडवा आला, तेव्हा आम्ही वही घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. कायदा नीट लक्षात ठेवा. बाईनं नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष वारंवार पाठलाग करतो, संपर्क साधतो किंवा तसा प्रयत्न करतो, तर तो गुन्हा आहे. 2013 पासून तो भारतीय दंड संहितेच्या कलम 354-ड मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78. तो शेवटचा मेसेज इथे कामी येतो. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे नुसती ‘एनसी’ लिहून परत पाठवणं बरोबर नाही. जबाब महिला अधिकाऱ्यानं नोंदवायचा असतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर तोच अर्ज पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावा. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदाही लागतो.

मर्यादाही सांगते. पहिल्यांदा गुन्हा असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि तो जामीनपात्र आहे. मीनाच्या बाबतीत तो त्याच संध्याकाळी घरी आला. म्हणून तक्रारीच्या आधी ठरवायचं, की त्या रात्री आणि पुढचे दहा दिवस मुलगी कुठे राहील आणि सोबत कोण असेल. मीना मावशीकडे राहिली. पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते आणि जामीन सहज मिळत नाही, म्हणून तक्रारीनंतरही वही बंद करायची नाही.

काही वेळा मात्र वही भरायची वाटच बघायची नाही. “माझी नाही तर कुणाचीच नाही” अशी भाषा आली, पेट्रोल, ॲसिड किंवा हत्याराचा उल्लेख झाला, तो घराभोवती रात्री दिसला, तर त्याच दिवशी ठाणं गाठायचं आणि मुलीला एकटं ठेवायचं नाही. तिचा साखरपुडा ठरला की आधीपासूनच सावध राहायचं.

मीना आज कामावर जाते. त्याचे फोन दोन महिन्यांत कमी झाले, मग थांबले. कोर्टातली केस चालू आहे. ती अजून गाडी बदलून येते आणि त्याचा तिला कंटाळाही येतो. परवा म्हणाली, “मॅडम, नाही तर मी एकदाच म्हणलं, पण सांभाळा लागते रोज.” ते सांभाळणं तिच्या एकटीवर पडू नये म्हणून गावागावात एक वही आणि ती लिहिणारी एक वहिनी हवी. तुमच्या गावात ती कोण, हे आज जेवणाच्या आधी प्रत्येकीनं मला सांगायचं आहे.