हजेरी ॲपमधले अदृश्य कुंपण

महाराष्ट्राच्या महसूल विभागाने 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या हजेरीला जिओफेन्सिंगची जोड दिली. यात कार्यालयाचे अक्षांश-रेखांश आणि त्याभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या आधीच नोंदलेली असते. समजा, गिरीजमधील एखाद्या कार्यालयासाठी ती 100 मीटर आहे. हजेरी लावताना मोबाइल उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ठरवतो आणि ॲप तिथून कार्यालयापर्यंतचे अंतर काढते. ते 80 मीटर भरले, तर हजेरी लागते. मात्र मोबाइल स्थानासोबत संभाव्य चूकही कळवतो. ती 40 मीटर असेल, तर खरे अंतर 120 मीटरही असू शकते. स्लॅबखाली संकेत क्षीण होऊन ही चूक वाढते. म्हणून खुर्चीत बसलेला कर्मचारीही कधी वर्तुळाबाहेर दिसतो. उघड्यावर थोडे थांबून पुन्हा स्थान घेतल्यास चूक बहुधा घटते.